स्वेडचे बूट, काळ्या मातीचा चिखल आणि जावईबापूंचा मुक्काम

(सामुदायिक रेडिओवर झालेले भाषण)

गटाच्या सगळ्या ताई, काकू, वहिनी आणि घरी काम करता करता रेडिओ ऐकणाऱ्या सगळ्याजणी, आज मी तुमच्याशी बचतीवर किंवा कर्जाच्या हप्त्यावर बोलणार नाही. आज बुटांवर बोलणार आहे. हसू नका. आपल्या घरात आता पुण्या-मुंबईला नोकरी करणारी मुलं आहेत, जावई आहेत, कॉलेजात जाणाऱ्या मुली आहेत. त्यांच्या पायात कधी कधी मखमलीसारखे दिसणारे बूट असतात. हात फिरवला की एका बाजूला रंग गडद दिसतो, दुसऱ्या बाजूला फिकट. त्याला स्वेड म्हणतात. हे बूट पावसाळ्यात आपल्या गावच्या चिखलात आले, की आपण प्रेमानेच त्यांचा सत्यानाश करतो. मी स्वतः केला आहे, म्हणून सांगते.

माझा धाकटा भाऊ नोकरीला लागला, तेव्हा पहिल्या पगारातून त्याने असे तपकिरी बूट घेतले. ते घालून जुलैत घरी आला. फाट्यावर उतरून वस्तीपर्यंत चालत आला आणि बूट घोट्यापर्यंत चिखलाने भरले. तो दमून झोपला. मी म्हटलं, सकाळी उठायच्या आत बूट चकाचक करून ठेवू. बादलीत कपड्याची पावडर टाकली, बूट बुडवले, घासणीने घासले, नळाखाली धरले. दुसऱ्या दिवशी नशिबाने ऊन पडलं, म्हणून पत्र्यावर वाळत घातले. संध्याकाळी काढले तर काय, बूट पापडासारखे कडक. पुढचं टोक वर वळलेलं, रंग कुठे पांढरट कुठे काळपट, आणि एका बुटाचा तळ चिकटवलेल्या जागेतून सुटलेला. भाऊ काही बोलला नाही. "राहू दे गं ताई," एवढंच म्हणाला. ते जास्त लागलं.

मग मी ते बूट पिशवीत घालून तालुक्याला नेले. एसटी स्टँडच्या बाहेर चपला-बूट दुरुस्त करणारे एक काका बसतात. त्यांनी बूट हातात घेऊन वाकवून पाहिला आणि म्हणाले, "बाई, हे कातडं तुम्ही शिजवलंत." तळ त्यांनी चिकटवून दिला, पण कातडं काही परत मऊ झालं नाही. त्या दिवशी अर्धा तास त्यांच्याजवळ बसून मी जे शिकले, आणि पुढे करून पाहिलं, ते आज सांगते.

आधी हे कातडं काय असतं ते समजून घेऊ. जनावराच्या कातड्याला दोन बाजू असतात. एक केसांची, बाहेरची. दुसरी मांसाकडची, आतली. नेहमीचे चकचकीत बूट बाहेरच्या बाजूचे असतात. ती बाजू घट्ट असते आणि वरून लेपही दिलेला असतो, म्हणून पाणी त्यावरून बऱ्यापैकी ओघळून जातं. स्वेड आतल्या बाजूचं. ती बाजू घासून घासून तिच्यावर बारीक लव उठवतात. या लवेवर लेप नसतो. म्हणजे आपल्या समोर कातड्याचे उघडे धागेच असतात. पाणी पडलं की ते सरळ आत शिरतं. लव भिजून एकमेकींना चिकटते आणि तशीच वाळली तर सपाट, कडक होते. साबणाने काय होतं? कातडं मऊ राहावं म्हणून कारखान्यात त्यात तेल मुरवलेलं असतं. साबण ते तेलही काढतो आणि रंगही काढतो. आणि ऊन? ओलं कातडं उष्णतेने फार लवकर आकसतं. कोरड्या कातड्याला जेवढी उष्णता चालते, तेवढी ओल्याला चालत नाही. काका म्हणाले ते "शिजवलंत" म्हणजे हेच.

आता दुसरी गोष्ट सांगते. 2023 साली अधिक श्रावण होता. अधिक महिन्यात आपण लेक-जावयाला बोलावतो, धोंडे जेवण घालतो. एरवी हा महिना कधी उन्हाळ्यातही येतो, पण त्या वर्षी तो भर पावसात आला होता. आमच्या गटातल्या एका काकूंचे जावई शनिवारी संध्याकाळी आले. पायात तपकिरी स्वेडचे बूट. आमच्याकडची रानं काळी, रस्त्यापासून घरापर्यंतची वाट तशीच. जावईबापूंचा डावा पाय नाडीपर्यंत रुतला. उजव्या बुटाला नुसते शिंतोडे. काकूंना काही सुचेना. त्यांच्या मुलीचा मला फोन आला, "ताई, आई बूट नळाखाली धरायला निघालीय, काय करू?" मी म्हटलं, "आईच्या हातातून बूट काढून घे आणि मी येईपर्यंत त्याला पाणी दाखवू नको."

मी गेले तर सगळेच जण चिखल पुसायला फडकं घेऊन तयार. इथेच पहिली चूक होते. ओला चिखल पुसला की तो निघत नाही, लवेच्या मुळाशी रगडला जातो. काळ्या मातीचे कण फार बारीक असतात. ओली असली की ती फुगते आणि चिकटते. पण हीच माती वाळली की आकसते आणि तडकते. उन्हाळ्यात आपल्या रानाला भेगा पडतात, तेच बुटावर होतं. म्हणून या मातीशी भांडायचं नाही, तिला वाळू द्यायचं. ती आपणहून सुटते.

त्या रात्री आम्ही एवढंच केलं. तळाखाली लोंबणारे मोठे गोळे जुन्या पुठ्ठ्याच्या तुकड्याने काढले, तेही फक्त रबरी तळाचे. वरच्या कातड्याला हात लावला नाही. जिथे नुसतं पाणी दिसत होतं, तिथे कोरडं सुती फडकं वरून दाबून धरलं, घासलं नाही. नाड्या काढून वेगळ्या साबणाने धुतल्या, त्यांना साबण चालतो. आतलं पायाखालचं अस्तर सुटं होतं, तेही बाहेर काढलं. मग बुटात जुन्या पेपरचे बोळे भरले. अगदी ठासून नाही, बुटाचा आकार टिकेल इतपत. पेपरची शाई आतल्या फिकट अस्तराला लागू नये म्हणून बोळ्यांभोवती जुन्या धोतराचा तुकडा गुंडाळला. दीड तासाने पहिले बोळे काढले तर ओले झालेले, मग नवे भरले. झोपताना पुन्हा बदलले. बूट ओसरीवर भिंतीला टेकवून तिरके ठेवले, म्हणजे तळालाही वारा लागतो, आणि लांबून पंखा लावला.

काकू म्हणाल्या, "चुलीजवळ ठेवते, सकाळपर्यंत खडखडीत होतील." मी म्हटलं, "काकू, तसं केलंत तर जावई सकाळी अनवाणी जातील." चूल नाही, गॅस नाही, ऊन नाही. सावली, वारा आणि कागद, एवढंच. वेळ लागतो, पण घाई केली की बूट गेला.

रविवारी सकाळी चिखल वरून राखाडी झाला होता. जावईबापूंची मुलगी ब्रश घेऊन बसलीच होती. पण वरून वाळला म्हणजे आतून वाळला असं नसतं. हे ओळखायचं कसं? हाताची पालथी बाजू बुटाच्या आत, टोकापर्यंत नेऊन टेकवायची. गार लागलं तर अजून ओल आहे. उजवा बूट सकाळीच कोरडा होता. डाव्याच्या टोकाला गार लागत होतं. पावसाळी हवेत त्याला दुपारचे बारा वाजले. तोवर आम्ही तिकडे पाहिलंच नाही, पुरण वाटत बसलो.

बारा वाजता अंगणात दोन्ही बूट हातात घेऊन तळावर तळ आपटला. मग बूट हाताने हलकेच पुढे-मागे वाकवला. वाळलेल्या मातीची खपली आपोआप उडायला लागली. अर्ध्याहून जास्त चिखल ब्रश न लावताच पडला. उरलेल्यासाठी कोरडा, मऊ ब्रश घेतला. स्वेडसाठी वेगळा ब्रश मिळतो, पण आमच्याकडे दात घासायचा मऊ, कोरा ब्रश होता, तोच घेतला. कपडे धुवायचा कडक ब्रश नको, त्याने लव तुटते आणि तिथे टक्कल पडतं. ते टक्कल पुन्हा भरून येत नाही. आधी एकाच दिशेने हलक्या हाताने झाडायचं, म्हणजे माती बाहेर पडते. ब्रश मधूनमधून आपटून साफ करायचा, नाहीतर काढलेली माती पुन्हा आत जाते. माती पडायची थांबली, की मग पुढे-मागे ब्रश फिरवायचा, म्हणजे झोपलेली लव उभी राहते. एका बुटाला दहा-बारा मिनिटं लागली.

एवढ्याने उजवा बूट जवळजवळ नवा दिसायला लागला. त्यावर दोन काळपट ठिपके राहिले होते. ते मुलीच्या कंपासपेटीतल्या पांढऱ्या खोडरबराने गेले. पाटीवरचं अक्षर पुसतो तसं दाबून नाही, हलकं हलकं. खोडरबर पांढराच घ्यायचा. रंगीत असेल तर त्याचा रंग बुटाला लागतो. नंतर त्याचा भुगा ब्रशने झाडून टाकायचा.

डाव्या बुटाची गोष्ट वेगळी होती. माती सगळी निघाली, पण पुढच्या टोकावर एक वाकडीतिकडी गडद रेघ उमटली होती, नकाशावर किनारा काढावा तशी. हा पाण्याचा डाग. ब्रशने जाईना, खोडरबराने जाईना. जाणार कसा? तो वर चिकटलेला नव्हताच. पाणी कातड्यात पसरतं, तेव्हा बारीक माती आणि कातड्यातला थोडा रंग बरोबर घेऊन जातं. जिथे ओल संपते तिथे ते सगळं सोडून देतं. चादरीवर चहा सांडला, की मधला भाग फिकट आणि कडेला गडद रेघ दिसते, तसंच हे.

हा डाग काढायची रीत ऐकून मला पहिल्यांदा पटलंच नव्हतं. पाण्याचा डाग पाण्यानेच काढायचा. पण भिजवायचं नाही, ओलसर करायचं, आणि नुसती रेघ नाही, तो सगळा तुकडाच्या तुकडा. ओलीची कडच राहिली नाही, तर रेघ उमटायला जागाच उरत नाही. बुटावर शिवणी असतात. टोकाचा तुकडा एका शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंत असतो. आपल्याला ओल शिवणीपर्यंत न्यायची आहे. मध्येच थांबलो तर तिथे नवी रेघ पडते.

आधी एक परीक्षा केली. नाड्यांच्या खाली बुटाची जी जीभ असते, तिच्या झाकलेल्या भागावर ओलसर पांढरं फडकं दाबून पाहिलं. फडक्याला रंग लागला असता, तर मी तिथेच थांबले असते आणि बूट दुकानात न्यायला सांगितलं असतं. किंचित छटा आली, तेवढी चालते.

मग वाटीत अर्धी वाटी स्वच्छ पाणी घेतलं. त्यात पांढरं सुती फडकं बुडवून घट्ट, अगदी घट्ट पिळलं. मुठीत दाबूनही थेंब पडता कामा नये. त्या फडक्याने टोकाचा सगळा तुकडा हलका टिपत गेले. आधी कडेने शिवणीजवळ, मग मध्ये, मग त्या रेघेवर. फडकं मळलं की घडी बदलायची. सगळीकडे सारखाच गडद रंग दिसायला लागला, की थांबायचं. बोट टेकवलं तर ओलसर लागलं पाहिजे, पण बोटावर पाणी दिसता कामा नये. आतून अस्तराला हात लावून पाहायचा, तिथे ओल पोचली तर जास्त झालं. पुढे कोरड्या फडक्याने दाबून टिपलं, पुन्हा कापडात गुंडाळलेले बोळे भरले आणि बूट पंख्यासमोर ठेवला. दुसरा बूटही मी तसाच ओलसर केला, नाहीतर दोन बुटांच्या रंगात फरक दिसतो.

सोमवारी सकाळी हात घालून पाहिला, कोरडा होता. ब्रश फिरवला. रेघ गेली. एका कोपऱ्यात, उजेडात तिरकं धरून पाहिलं तर पुसटशी दिसत होती, हेही सांगते. काकू म्हणाल्या, "पुन्हा एकदा कर." मी नको म्हटलं. पुन्हा करायचंच तर एक दिवस पूर्ण वाळवून मगच. लागोपाठ ओलं केलं तर ओल आतपर्यंत जाते आणि आपण पुन्हा माझ्या भावाच्या बुटापाशी येतो.

टाचेजवळ मात्र लव चपटी झाली होती, कारण तिथे कोणीतरी शनिवारी फडक्याने घासून घेतलं होतं. तिथे चहाच्या पातेल्याची वाफ कामाला आली. पाणी उकळलं, बूट वाफेपासून वीतभर लांब धरला, पाच आकडे मोजले, बाजूला घेतला आणि लगेच ब्रश फिरवला. दोनदा केलं, लव उठली. वाफेत बूट धरून ठेवायचा नाही. वाफ म्हणजे पाणी आणि उष्णता दोन्ही एकदम, हे विसरायचं नाही.

जावईबापू सकाळच्या गाडीने निघाले. ओसरीवर बसून बूट घातले, नाड्या बांधल्या आणि काकूंच्या पाया पडून गेले. बुटांबद्दल एक शब्द बोलले नाहीत. त्यांच्या लक्षातच आलं नाही. काकू जरा हिरमुसल्या, पण मला विचाराल तर याहून मोठी पावती नाही.

आता काही गोष्टी विचारल्या जातात, त्या सांगते. बुटाला पॉलिश लावू का? नाही. पॉलिशमधल्या मेणाने लव चिकटून बसते. खोबरेल तेल लावू का, कातडं मऊ होईल? तेही नाही, तेलाचा काळा डाग पडतो आणि तो पाण्याच्या डागापेक्षा अवघड. कोणी आधीच तेल सांडलं असेल, तर त्यावर अंगाला लावायची पावडर जाड थरात टाकून रात्रभर ठेवा आणि सकाळी झाडा, बरंचसं तेल ती ओढून घेते. लिंबू चोळू नका, रंग उडतो.

आणि मातीमातीत फरक असतो. काळी माती खपलीने निघते. कोकणातली, महाबळेश्वरकडची तांबडी माती मात्र रंग सोडते, कारण तिच्यात लोखंडाचा गंज असतो. तिथेही रीत हीच, आधी पूर्ण वाळवा, मग झाडा. पण फिकट रंगाच्या बुटावर तांबूस झाक राहू शकते. ती ओल्या फडक्याने काढायला गेलात तर आणखी पसरेल. आधी कोरड्या ब्रशने जेवढी निघेल तेवढी काढा, मग खोडरबर, आणि तरी राहिली तर राहू द्या.

बूट खऱ्या कातड्याचा आहे की नकली, हे कळत नसेल तर कडेला जिथे तो कापलेला दिसतो तिथे पाहा. खाली विणलेलं कापड दिसलं तर तो नकली. त्याला थोडं पाणी जास्त चालतं. पण शंका असेल तेव्हा खराच समजून वागा.

माझ्या भावाने ते बूट टाकले नाहीत. घरी आला की शेतात घालतो. ते कडक बूट दाराशी दिसले, की मला काकांचं वाक्य आठवतं. तुमच्या दाराशी या पावसाळ्यात असे मखमली बूट आले, तर हातातली बादली खाली ठेवा, आधी पेपर शोधा आणि चिखल वाळेपर्यंत पुरणाचं बघा.